‘चला, दाखवतो’ एवढंच कोर्टात जातं

पेपरात दर थोड्या दिवसांनी एक वाक्य येतं, ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’, आणि वाचणाऱ्याला वाटतं झालं, केस संपली, आता शिक्षा किती एवढंच ठरायचं बाकी. मग काही वर्षांनी तोच माणूस निर्दोष सुटल्याची बातमी येते आणि सीबीएसच्या चहाच्या टपरीपासून सिडकोपर्यंत सगळे एकच विचारतात, अहो त्याने तर कबूल केलं होतं ना? मी नाशिकच्या जिल्हा कोर्टात फौजदारी कामं करतो, त्यामुळे हा प्रश्न मला नातेवाईक, शेजारी, रिक्षावाले सगळे विचारतात, आणि लोकांचा राग मला समजतो. पण खरं सांगायचं तर ती कबुली कोर्टासमोर कधी आलेलीच नसते. ती यायलाच नको असं कायदा म्हणतो, आणि माझ्या मते बरोबर म्हणतो.

आधी कायदा काय आहे ते बघू. जुन्या पुरावा कायद्यात, म्हणजे १८७२ च्या, कलम २५ होतं, की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. कलम २६ म्हणायचं की पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कोणापुढे कबुली दिली तरी चालणार नाही, मॅजिस्ट्रेट प्रत्यक्ष समोर असेल तरच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ही दोन्ही कलमं त्यात कलम २३ ची पोटकलमं एक आणि दोन झाली, आशय तोच राहिला. म्हणजे ताब्यातला माणूस मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघून किंवा पत्रकाराच्या माईकसमोर ‘हो, मीच केलं’ म्हणाला तरी तो व्हिडिओ कबुली म्हणून कामाचा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याकडे आरोपींच्या तोंडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणवून घेतलेले व्हिडिओ घरोघरी फिरले, लोकांना ते आवडले कारण लोक गुंडगिरीला खरोखर वैतागले होते. त्या घोषणा कबुल्या नव्हत्या हे मान्य, पण ते व्हिडिओ बघताना बऱ्याच जणांच्या डोक्यात एक समज पक्का झाला की ठाण्यात आरोपी जे बोलतो ते त्याच्या मनातलं असतं. कायद्याला हा समज मान्य नाही, आणि ही भूमिका आजची नाही, १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच हा नियम आला होता, कारण कबुली मिळवायला मारहाण होते हे इंग्रज सरकारच्याही लक्षात आलं होतं. कबुलीला कोर्टात किंमतच नाही म्हटलं की ती मिळवण्यासाठी मारायचं कारण कमी होतं, एवढा साधा हिशोब त्यामागे आहे.

आता खरी गोम पुढे आहे. याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद, जोडलेलं आहे, जुन्या कायद्यातलं कलम २७, आणि कोर्टाच्या आवारात आजही सगळे त्याला ‘सत्तावीसचा पंचनामा’च म्हणतात. त्याचा अर्थ असा की पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट नव्याने उघडकीस आली, तर त्या माहितीतला जेवढा भाग त्या उघडकीस आलेल्या गोष्टीशी अगदी थेट जोडलेला आहे तेवढाच सिद्ध करता येतो, मग तो भाग कबुलीसारखा असो वा नसो. कारण सरळ आहे, माणूस मारामुळे खोटं बोलू शकतो पण त्याने सांगितलेल्या जागी वस्तू खरंच निघाली तर निदान तेवढं बोलणं खरं होतं याला बाहेरचा आधार मिळाला.

न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात त्यांना मी नेहमी एक प्रश्न घालतो. आरोपी म्हणाला, घरात लपवलेला चाकू काढून देतो, आणि चाकू निघाला, तर ‘उघडकीस आलेली गोष्ट’ कोणती? पर्याय देतो, चाकू, खून, आरोपीचा दोष, किंवा अमुक जागी चाकू लपवलेला आहे हे आरोपीला माहीत असणं. बरीच जण चाकूवर टिक करतात. उत्तर शेवटचा पर्याय आहे, आणि ते प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रज काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाने, पुलुकुरी कोट्टय्याच्या केसमध्ये, जी १९४७ च्या रिपोर्टात आहे, इतकं स्वच्छ सांगितलंय की त्यानंतर आजपर्यंत सुप्रीम कोर्ट त्याच वाटेने चाललंय. चाकू जगात फार पूर्वीपासून आहेत, आरोपीच्या बोलण्याने चाकूचा शोध लागत नाही, शोध लागतो तो चाकू कुठे आहे याचा आणि ते याला ठाऊक होतं याचा. आणि त्या वाक्याला ‘ज्याने मी अमक्याला भोसकलं’ असं शेपूट असेल तर ते शेपूट कापून टाकायचं, कारण ते त्या जागेबद्दल काही सांगत नाही, जुन्या घटनेबद्दल सांगतं.

एक उदाहरण पूर्ण घेऊ, काल्पनिकच, पण असे मेमोरँडम, म्हणजे आरोपीच्या अशा बोलण्याच्या लेखी नोंदी, आपल्या कोर्टात नेहमीचे आहेत. समजा सातपूरला एक खून झाला. संशयित पीसीआरमध्ये, म्हणजे पोलीस कोठडीत आहे. तिसऱ्या दिवशी तो म्हणतो, “आमचं पैशावरून वाजलं होतं, मी आणि माझ्या मित्राने त्याला कोयत्याने मारलं, तो कोयता मी नासर्डीच्या पुलाखाली पाईपाच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत लपवलाय, चला, दाखवतो.” पोलीस दोन पंचांना घेऊन जातात, तो पुढे चालतो, पाईपामागून पिशवी काढून देतो, आत कोयता. आता न्यायाधीशांनी काय वाचायचं? पैशाचं भांडण गेलं, मित्राचा उल्लेख गेला, ‘कोयत्याने मारलं’ हे तर गेलंच. उरलं एवढंच की कोयता मी नासर्डीच्या पुलाखाली पाईपामागे पिशवीत लपवलाय, दाखवतो. यातला ‘मी लपवलाय’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण तो नसेल आणि नुसतं ‘कोयता कुठे आहे ते दाखवतो’ असेल तर तीन शक्यता उरतात, त्याने स्वतः लपवला, दुसऱ्याला लपवताना बघितलं, किंवा कोणीतरी त्याला सांगितलं. सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, जी २००० च्या रिपोर्टात आहे, म्हटलं की माहिती कुठून आली हे आरोपीने कोर्टाला सांगितलंच नाही तर त्यानेच लपवलं असं कोर्ट धरू शकतं. धरू शकतं, धरलंच पाहिजे असं नाही.

आणि इथवर येऊनसुद्धा खून सिद्ध झाला का? नाही. अजून फक्त एवढं सिद्ध झालं की एका माणसाला एक कोयता कुठे आहे ते माहीत होतं. निफाडच्या ऊस पट्ट्यात घराघरात कोयता सापडेल. हा कोयता त्याच खुनातला, हे वेगळ्या पुराव्याने जोडावं लागतं, म्हणजे जागेवरच पंचांच्या सह्यांचं लेबल लावून सील झालं का, मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरला कधी चढला, लॅबला कधी गेला, गेला तेव्हा सील शाबूत होतं का, त्यावरचं रक्त माणसाचं आणि मयताचं निघालं का, डॉक्टरांनी तो कोयता बघून अशा जखमा याने होऊ शकतात असं सांगितलं का. यातलं एकेक सुटत गेलं की सत्तावीसचा पंचनामा कागदावर कितीही भारी दिसला तरी त्याचं वजन उतरत जातं. लोकांना वाटतं तांत्रिक मुद्द्यावर सुटला, पण सील नव्हतं म्हणजे तो कोयता कोणता हेच आपल्याला माहीत नाही, याला तांत्रिक कसं म्हणायचं?

जागेचंही तसंच. सुप्रीम कोर्टाचा १९७६ च्या रिपोर्टातला एक निकाल मी मुलांना आवर्जून वाचायला लावतो, मुंबईच्या हाजी बंदरातून केमिकलचे ड्रम चोरीला गेल्याचा. आरोपी म्हणाला होता की हाजी बंदरातून एक ऑगस्टला मी काढलेले केमिकलचे तीन ड्रम कुठे ठेवलेत ती जागा सांगतो. कोर्टाने फक्त जागा सांगण्याचा भाग ठेवला आणि ‘हाजी बंदरातून एक ऑगस्टला काढलेले’ हा सगळा भाग बाजूला काढला, कारण तो पूर्वीच्या चोरीबद्दल होता. मग बघितलं तर ड्रम सापडले ती मुसाफिरखान्याची मोकळी जागा, कोणीही येऊ-जाऊ शकेल अशी. म्हणजे ड्रम तिथे आहेत हे त्याला माहीत होतं एवढंच उरलं, ते त्याच्या ताब्यात होते असं म्हणता येईना, आणि तो सुटला. नासर्डीचा पूल तर याहून मोकळा, तिथे दिवसभर माणसांची ये-जा असते. मात्र मोकळी जागा म्हणजे पुरावा बाद असाही नियम नाही, रस्त्यालगत पण नजरेआड, पाईपामागे खोचलेलं असेल तर ते दुसऱ्याला सहज दिसणारं नव्हतं असं म्हणता येतं, दर वेळी बघावं लागतं.

आता माझा खरा मुद्दा. हे परंतुक वाईट नाही, ते हवंच, पण त्याचा सगळा जीव एका क्षणात आहे, आरोपी बोलला आणि त्यानंतर सगळे निघाले, या क्रमात. क्रम उलटा असेल, म्हणजे कोयता आधीच सापडला आणि मेमोरँडम मागाहून लिहिला, किंवा जागा पोलिसांना आधीच माहीत होती, तर उघडकीस काहीच आलेलं नाही. सीसीटीव्हीत संशयित पुलाखाली उतरताना दिसला होता आणि पोलिसांनी ती जागा आधीच बघून ठेवली होती तर आरोपीच्या बोलण्याने काय नवीन कळलं? तसंच एकाने दाखवून वस्तू निघाल्यावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आरोपीला त्याच जागी नेऊन ‘यानेही दाखवली’ असा पंचनामा करतात, त्यात तर शोध लागायला शिल्लकच काही नसतं. आणि हा क्रम खरा होता का हे कळायला आज कोर्टाकडे काय आहे? कागद, आणि कागदावर सह्या करणारे दोन पंच.

ते कागद वाचून वाचून काही खुणा दिसायला लागतात. आरोपी सातपूरच्या कंपनीतला हेल्पर आणि मेमोरँडमची भाषा मात्र ‘मी माझ्या राजीखुशीने कोणत्याही दबावाविना निवेदन करतो की’ अशी. ठाण्यातला मेमोरँडम संपल्याची वेळ आणि जप्ती सुरू झाल्याची वेळ यात इतकं कमी अंतर की भर ट्रॅफिकमध्ये जीप तिथे पोचणं शक्य नाही. स्टेशन डायरीला बाहेर पडल्याची नोंद नाही, गाडीच्या लॉगबुकात ती फेरी नाही. दोन्ही पंचनामे एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. आणि पंच तोच, जो त्याच ठाण्याच्या आणखी केसेसमध्येही पंच आहे. उलटतपासात हे सगळं विचारता येतं आणि चांगले वकील विचारतात, पण हे घडून गेल्यावर काही वर्षांनी विचारतात, तेव्हा तपासी अंमलदाराची बदली झालेली, पंच फिरलेला, आणि खरं काय झालं होतं ते कोणालाच नीट आठवत नाही. यात दोन्ही बाजूंचं नुकसान आहे, कारण कधी कधी पंचनामा खराच असतो, पोलिसांनी उन्हात नदीत उतरून खरंच कोयता काढलेला असतो, आणि तरी तो शंकेच्या फायद्यात वाहून जातो.

सुप्रीम कोर्ट गेल्या काही वर्षांत याबाबत कडक झालंय. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका फाशीच्या केसमध्ये पायऱ्या नीट सांगितल्या: आरोपी काही दाखवायला तयार आहे म्हटलं की आधी पंचांना ठाण्यात बोलवा, त्यांच्यासमोर आरोपीला बोलू द्या, तो जे बोलतो ते शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहा, पंचांच्या सह्या घ्या, मगच निघा. पोलीस आणि आरोपी आधीच बोलून बसले आणि पंच नंतर आले तर त्या मेमोरँडमवरचा विश्वास उडतो. २०२४ मध्ये कर्नाटकच्या केसमध्ये पुढे सांगितलं की मेमोरँडमला नुसता एक्झिबिट नंबर, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडला म्हणजे त्यातला मजकूर सिद्ध झाला असं नाही, आरोपी नेमकं काय म्हणाला ते तपासी अंमलदाराने पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं पाहिजे. पंच फितूर झाला तरी अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही जप्ती सिद्ध होऊ शकते, हेही कोर्टाने आधीपासून म्हटलेलं आहे, म्हणून पंच फुटला की केस पडलीच हा समज चुकीचा आहे.

हे सगळं असून मग प्रश्न का सुटत नाही? कारण नवीन कायद्याने कॅमेरा आणला तो चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग आता बंधनकारक आहे. छान. पण ते झडतीचं आणि जप्तीचं, त्यामुळे व्यवहारात पुलाखाली उतरल्यावर मोबाईल सुरू होतो आणि आपल्याला दिसतं काय, तर आरोपी पाईपामागे हात घालून पिशवी काढतोय. त्याआधी ठाण्यातल्या खोलीत तो काय बोलला, कोणी विचारलं, पंच होते का, त्याला जागा माहीत होती की त्याला ती सांगितली गेली, हे त्या व्हिडिओत नाही, आणि सत्तावीसचा सगळा प्रश्न तर तोच आहे. उलट त्या दृश्याने नुकसान होऊ शकतं, कारण व्हिडिओ बघणाऱ्याला पिशवी काढणारा हात दिसला की मागचं काही विचारावंसं वाटत नाही.

माझ्या मते रेकॉर्डिंग पंच खोलीत शिरल्यापासून सुरू व्हायला हवं आणि सील लागेपर्यंत न तोडता चालायला हवं, आणि हे संहितेतच स्पष्ट शब्दांत लिहायला हवं, अधिकाऱ्याच्या मर्जीवर नको. यावर माझेच वकील मित्र एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे: पूर्ण बोलणं रेकॉर्ड झालं तर न्यायाधीशांच्या कानावर ‘मी मारलं’ हेही पडणार, म्हणजे जे पोटकलम एकने अडवलं ते व्हिडिओतून आत येणार. आजही तेच होतं खरं तर, अख्खा मेमोरँडम वाचला जातो आणि मग मनातून अर्धा पुसायचा असतो, जे माणसाला जमत नाही. म्हणून मूळ रेकॉर्डिंग सील करून मॅजिस्ट्रेटकडे जावं, खटल्यात फक्त ग्राह्य तुकडा चालवावा, आणि क्रमाबद्दल वाद असेल व बचाव पक्षाने मागणी केली तरच बाकीचं उघडावं. लेखी मेमोरँडममध्येही कबुलीचा भाग एक्झिबिट करूच नये. दुसरा आक्षेप असा की मारहाण कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच होईल. होऊ शकते, म्हणूनच ठाण्याचं फुटेज महत्त्वाचं. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला सांगितले, लॉकअप, कॉरिडॉर, अधिकाऱ्यांच्या खोल्या सगळीकडे, आणि फुटेज १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष जपायला सांगितलं. ते फुटेज आणि मेमोरँडमचं रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं की आधीचे तास कसे गेले ते कळेल.

काही लोक याच्या अगदी उलट टोकाला जातात, म्हणतात एवढी कटकट कशाला, वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुलीच ग्राह्य धरा, मोक्कात आहेच की. आहे. १९९९ च्या मोक्का कायद्याच्या कलम १८ प्रमाणे एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. पण मग २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्याकडेही बघा. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, आणि २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष सोडलं, त्या कबुल्या छळ करून घेतलेल्या आणि विश्वास ठेवण्याजोग्या नाहीत असं म्हणून. सुप्रीम कोर्टाने तो निकाल इतर मोक्का केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिलीय आणि पुढे जे होईल ते होईल, पण इतक्या वर्षांनंतर त्या स्फोटांत गेलेल्यांच्या घरच्यांच्या हातात आज काय आहे? कबुलीवर उभा केलेला खटला पीडितालाही काही देत नाही, हे मला त्या लोकांना अगदी कळकळीने सांगायचंय. आरोपीला खरोखर कबूल करायचं असेल तर मॅजिस्ट्रेटपुढे जायचा रस्ता आहे, संहितेचं कलम १८३, तिथे त्याला आधी सांगितलं जातं की कबुली द्यायचं तुझ्यावर बंधन नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. खऱ्या कबुलीला या इशाऱ्याची भीती नसते.

यातलं बरंच आपल्या गावातच करता येण्यासारखं आहे. त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, राज्यभरातले पीएसआय तिथून तयार होऊन बाहेर पडतात, तिथे पंचनाम्याचा सराव घेताना मेमोरँडमची पायरी जप्तीपेक्षा जास्त वेळ घेऊन शिकवली, आरोपीचे शब्द त्याच्या बोलीत लिहायची सवय लावली, तर त्याचा फरक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत दिसेल. आणि कायदा बदलेपर्यंत बचावाच्या वकिलांनी एक काम आजपासून करावं. ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायचा अर्ज पहिल्या रिमांडलाच द्यावा, तारखा आणि तास लिहून, आणि मॅजिस्ट्रेटकडून त्यावर लेखी आदेश घ्यावा. दोषारोप ठेवल्यावर मागायला गेलात तर फुटेजची मुदत संपलेली असते, आणि मग पुन्हा दोन पंच आणि एक कागद एवढंच हातात राहतं. सरकारी वकिलांनीही हाच अर्ज द्यायला हरकत नाही, पंचनामा खरा असेल तर ते फुटेज त्यांच्याच बाजूने बोलेल.